दहाची जोडी

गारगोटीच्या बाजारपेठेत आजोबांच्या दुकानी बसलेली नात ७, ४, ८, ३, ६, २, ५ ही बेरीज बोटांवर करू लागते आणि चौथ्या आकड्याशीच मोजणी चुकते. पाढ्यांच्या घाईत दहाच्या जोड्या राहून गेलेल्या असतात. दहा चिंचोके मांडून काही हाताखाली झाकावेत व उघडे पाहून झाकलेले किती, ते विचारावे. उत्तरापूर्वी बोटे हलली, तर जोडी अजून मनात बसलेली नाही. ती बसली, की ७ व ३, ४ व ६, ८ व २ मिळून तीस. उरलेल्या ५ सह पस्तीस. एकच आकडा दोनदा धरला जातो, म्हणून जोडी जुळताच दोहोंवर रेघ मारावी. ८ आणि ५ यांची जोडी जुळत नाही; तेथे पाचातले दोन आठाला द्यावेत, म्हणजे दहा आणि तीन, तेरा.