खोल्यांचा हिशेब

आम्ही कोपरगावकर खोल्या मोजतो त्या स्वयंपाकघर धरून. त्यामुळे आईला लिऑनला नेऊ पाहणाऱ्या भाचीने फोनवर ‘दोन प्येसचं, म्हणजे दोन खोल्यांचं घर पाहिलंय’ असे सांगताच तिच्या मामींनी विचारले, “बैठक नि स्वयंपाकघर! मग ताईंनी निजायचं कुठं?”

भाची हसली. फ्रेंच मंडळी ‘प्येस’ म्हणून मोजतात त्या फक्त बसण्या-निजण्याच्या खोल्या : ‘सेजूर’ म्हणजे बैठक आणि ‘शांब्र’ म्हणजे निजायची खोली. ‘क्विझीन’ हे स्वयंपाकघर नि ‘साल द बँ’ ही न्हाणी हिशेबाबाहेर. थोडक्यात, त्यांचे दोन ते आपले तीन!

मात्र जाहिरातीत ‘क्विझीन उव्हेर्त’, म्हणजे उघडे स्वयंपाकघर, लिहिले असेल, तर ओटा बैठकीतच असतो. भाचीच्या घराला तसेच होते. मामी म्हणाल्या, “असू दे. शांब्र ताईंना दे. फोडणीचा वास तू सोस!”