टेलचा बेड

आमच्या एमआय रूमच्या शेवटच्या खोलीत दोन बेड आहेत. उन्हाळ्यात ते उष्माघाताच्या पेशंटसाठी राखून ठेवतात. छावणी राजस्थानच्या वाळवंटात आहे, यापेक्षा जास्त सांगता येणार नाही. मे महिन्यात बाहेर पारा ४६ वर जातो आणि फायरिंग रेंजवरून अधूनमधून एखादा जवान स्ट्रेचरवर येतो. त्या दिवशी आला तो विशीतला पोरगा होता. अंग ४१ अंश, डोळे फिरलेले, बडबड चालू. डॉक्टर मॅडमनी त्याला बर्फाच्या पाण्याने भिजवलं, पंखे लावले आणि अर्ध्या तासात ताप उतरवला. मग त्याला ठेवायचं कुठे, तर राखीव खोलीत एसी चालू असूनही ३० अंश. शेवटी मॅडमनी स्वतःचं ऑफिस रिकामं केलं आणि पोराला तिथे ठेवलं. ऑफिस मशीनच्या अगदी जवळ आहे, तिथली हवा बरी.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. मी ईएमईचा हवालदार, ट्रेड रेफ्रिजरेशनचा. मॅडम एवढंच म्हणाल्या, "उस्ताद, गैस दो बार भर चुके हैं। अब क्या?"

गॅस दोनदा भरला होता हे खरं. साडेपाच टनाचं डक्टवालं मशीन आहे. एका टोकाला छतात टांगलेलं, तिथून पत्र्याची डक्ट फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून सुमारे पंधरा मीटर जाते आणि वाटेत सहा ग्रिल आहेत. बाहेरून आलेला मेकॅनिक दर वेळी गेज लावायचा, थोडा गॅस घालायचा आणि जायचा. पोकळीत कोणी डोकावलं नव्हतं. त्याला दोष देत नाही, दुपारी तिथे ५२ अंश असतात.

दुसऱ्या दिवशी मी गेज बाजूलाच ठेवले आणि फक्त थर्मामीटर घेतला. इथे एक सांगून ठेवतो. बंदुकीसारखा लाल ठिपका पाडणारा थर्मामीटर या कामाला चालत नाही, तो ग्रिलच्या धातूचं तापमान दाखवतो, हवेचं नाही. लांब दांडीचा डिजिटल घ्यायचा, दांडी ग्रिलच्या पात्यांमधून आत घशापर्यंत सरकवायची. ग्रिलच्या बाहेर वीतभर धरला तर खोलीतली गरम हवा त्यात मिसळते आणि आकडा फसवतो. सगळीकडे एकच थर्मामीटर वापरायचा आणि कॉम्प्रेसर पंधरा मिनिटं सलग चाललेला असताना मोजायचं.

दुपारी तीनचे आकडे असे आले. खोलीतली हवा रिटर्नच्या ग्रिलमध्ये शिरताना ३० अंश. तीच हवा मशीनच्या तोंडाशी ३५. मशीनमधून बाहेर पडताना २३. पहिल्या ग्रिलला २४ आणि शेवटच्या, म्हणजे उष्माघाताच्या खोलीतल्या ग्रिलला २८.

पहिली गोष्ट, मशीन निर्दोष होतं. पस्तिसाची हवा घेऊन ते तेविसाची देत होतं, पुरे बारा अंश उतरवत होतं. कोरड्या हवेत याहून फार जास्तीची अपेक्षा करू नये. गॅस कमी असता तर हा फरक आक्रसला असता.

मग खोलीतून ३० वर निघालेली हवा मशीनपर्यंत ३५ कशी झाली? एवढ्याशा अंतरात पत्रा तापून पाच अंश चढणं अवघड आहे. रिटर्नच्या बाजूला मशीन हवा ओढत असतं, त्यामुळे तिथे भोक असेल तर हवा बाहेर जात नाही, पोकळीतली ५२ अंशांची हवा आत येते. किती येते त्याचा हिशेब सोपा आहे. खोलीची हवा ३०, पोकळीची ५२, फरक २२. मिश्रण पाच अंशांनी वर गेलं. बाविसातले पाच म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा हवा मशीन खोलीतून नाही, तापलेल्या स्लॅबखालून ओढत होतं. (बाहेरची ताजी हवा मिसळणारी वेगळी डक्ट असेल तर हा हिशेब असा सरळ धरता येत नाही. आमच्याकडे ती नव्हती.)

पुढच्या बाजूचं गणित मात्र असं सरळ नाही आणि इथेच बरेच जण चुकतात. मी माणदेशातला, मला ते पाटावरून समजलं. पाटाला भगदाड पडलं म्हणून पाणी गरम होत नाही. फक्त टेलच्या शेतकऱ्यापर्यंत कमी पोहोचतं. सप्लायच्या डक्टमध्ये हवा आतून बाहेर ढकलली जाते, त्यामुळे गळतीने उरलेली हवा तापत नाही. पण पाटात पाणी थोडं उरलं की ते सावकाश वाहतं आणि उन्हाने जास्त तापतं. तसंच हवेचं. पत्र्यातून आत झिरपणारी उष्णता तेवढीच, पण ती आता निम्म्याच हवेत वाटली जाते, म्हणून चढ दुप्पट दिसतो. त्यामुळे शेवटच्या ग्रिलला चढलेले पाच अंश पाहून 'इतके टक्के गळती' असं म्हणता येत नाही. पत्र्यावरचं ग्लासवूल फाटलं असलं तरी असाच आकडा येतो. एवढंच कळतं की शेवटपर्यंत हवा थोडी पोहोचतेय किंवा पत्रा उघडा आहे, आणि वर जाऊन बघणं भाग आहे.

वर जायचं ते पहाटे साडेचारला. तेव्हा पोकळीत ३८ अंश असतात. सीलिंगच्या फरशा माणसाचं वजन पेलत नाहीत, म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या टाकल्या. सोबत ओडिशाचा एक शिपाई, हडकुळा, त्यामुळे जिथे मी अडकायचो तिथून तो जायचा. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, पाणी पिऊन पुन्हा आत. उष्माघाताची खोली दुरुस्त करताना तिथलाच पेशंट व्हायची हौस नव्हती.

गळती शोधायला उदबत्ती नेली होती, पण तिची गरज कमीच पडली. वाळवंटात गळती स्वतःच चित्र काढते. डक्टच्या सांध्यापाशी धूळ पंख्यासारखी पसरून झाडल्यागत साफ झालेली होती, म्हणजे तिथून हवा बाहेर. रिटर्नच्या पेटीपाशी उलटं, फटीभोवतीचं ग्लासवूल काळं पडलेलं, कारण आत जाणारी हवा त्यातून गाळून जात होती. पेटी आणि मशीन यांच्यामध्ये दोन बोटं शिरतील एवढी फट होती. सांध्यांवर कधीकाळी कापडी टेप लावलेली होती. ती आता सापाच्या कातेसारखी लोंबत होती. टेपचा चिकटपणा उष्णतेत वाळून जातो. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने निरनिराळ्या टेप मुद्दाम तापवून तपासल्या, तेव्हा कापडी डक्ट टेप सर्वांत आधी निकामी झाली. मजा म्हणजे तिचं नावच डक्ट टेप आहे.

म्हणून मॅस्टिक. राखाडी रंगाचं, श्रीखंडाहून घट्ट, पाण्यात कालवलेलं असतं आणि वाळलं तरी थोडं लवचिक राहतं. पाच किलोचे दोन डबे लागले. लावायला कौशल्य नाही, चिकाटी लागते. सांध्यावरचं ग्लासवूल सोडवायचं, जुनी टेप आणि तिचा चिकटा खरवडायचा, पत्रा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. वाळूच्या थरावर लावलेलं मॅस्टिक वाळूसकट सुटून येतं. मग ब्रशने सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, पत्रा दिसणार नाही इतपत जाड, साधारण दोन मिलिमीटर. आई कणगीला शेणमातीचा हात द्यायची तसं मी शेवटी ब्रश टाकून हातमोज्यानेच लावलं. कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नाही आणि गळती कोपऱ्यांतच असते. सहा मिलिमीटरपेक्षा रुंद फट असेल तर नुसतं मॅस्टिक वाळताना खचतं. तिथे आधी थर, त्यावर काचतंतूंची जाळीची पट्टी दाबायची, वर पुन्हा थर. दोन बोटांची फट मात्र जाळीनेही भागत नाही, तिथे पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवून कडा मॅस्टिकने बुजवल्या.

सगळ्यांत मोठी गळती लांब डक्टच्या सांध्यांत नव्हती, तर डक्टमधून ग्रिलकडे उतरणाऱ्या तोंडांपाशी होती. चौथ्या ग्रिलचं तोंड डक्टला तीन बाजूंनीच जोडलेलं होतं. गार हवा सरळ पोकळीत पडत होती.

मशीन एक दिवस-रात्र पूर्ण बंद ठेवलं, मॅस्टिक वाळेपर्यंत. तेवढा वेळ मॅडमच्या ऑफिसात कूलर आणि वर एक प्रार्थना. मग ग्लासवूल पुन्हा गुंडाळलं, मशीन लावलं आणि मी ऐटीत जेवायला गेलो. परत आलो तर शेवटच्या ग्रिलमधून हवाच येत नव्हती.

कॉइलवर बर्फ. चूक माझी. आधी मशीनला पाव हिस्सा हवा चोरवाटेने मिळत होती, फिल्टर न ओलांडता. म्हणूनच तर कॉइलवर वाळू होती, आणि ती मी झाडलीही होती. चोरवाट बंद केल्यावर सगळी हवा रिटर्नच्या फिल्टरमधून यायला हवी, आणि तो फिल्टर धुवायचं राहून गेलं होतं. हवा कमी पडली की कॉइल गोठते. मशीन थांबवून नुसता पंखा चालवला, बर्फ वितळवला, फिल्टर धुतला. शिपाई काही बोलला नाही, पण हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला पुन्हा तेच आकडे घेतले. पोकळी ५१. रिटर्नच्या ग्रिलला २६, मशीनच्या तोंडाशी २७, म्हणजे पंचविसातला एक, चारेक टक्के. मशीनमधून बाहेर साडेचौदा, पहिल्या ग्रिलला १५, शेवटच्या ग्रिलला १७. पहिल्यापेक्षा हवा कितीतरी गार, म्हणजे पोकळीतल्या उष्णतेची ओढ आधीपेक्षा जास्त, तरीही चढ पाचावरून अडीचवर आला. ग्लासवूल नवं गुंडाळल्याचा त्यात किती वाटा आणि मॅस्टिकचा किती, हे मी वेगळं काढू शकत नाही.

एका जागी अजून हवा फुसफुसते. मशीन आणि डक्ट यांच्यामधली कॅनव्हासची बाही विरली आहे. मॅस्टिक कापडावर लावलं तर मशीनच्या थरथरीने तडकेल, तिथे नवी बाहीच हवी. मागणी पाठवली आहे. बाकीच्या फटी बुजल्यामुळे आता आतला दाब वाढला आहे आणि ती बाही आधीपेक्षा जास्त फुगलेली दिसते. दर सोमवारी शिपाई वर डोकावून ती बघतो.