सांडलं म्हणजे सँडल नव्हे

‘डोळे’ हा शब्द घाईघाईत इंग्रजी अक्षरांत लिहिला की dole होतो. आपल्याला त्यात डोळेच दिसतात. न्यू जर्सीत जन्मलेल्या, शाळेत इंग्रजी शिकलेल्या मुलीला मात्र तिथे ‘डोल’ दिसतो, कारण शेवटचा e उच्चारायचा नसतो हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. ‘काळे’ लिहावं तर kale होतं आणि ती त्या नावाची पालेभाजी वाचते. ‘मन’ लिहिलं की माणूस, ‘पण’ लिहिलं की तवा, ‘तर’ लिहिलं की डांबर. मराठी गाणं असं इंग्रजी शब्दांच्या वेशात तिच्यासमोर येतं आणि ती ते मोठ्या विश्वासाने चुकीचं म्हणते.

ही मुलगी माझ्या मावसबहिणीची. गळा गोड, तालाला पक्की, शाळेच्या कॉयरमध्ये जर्मन आणि लॅटिन गाणी म्हटलेली. घरात मराठी कानावर पडतं, जेवायला हाक मारली तर कळतं, पण देवनागरी येत नाही. तिथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिला एक नवं गाणं म्हणायचं होतं. आमच्या एका मित्राने लिहिलेलं, साधं, दादऱ्यात बांधलेलं. धृपद असं:

डोळे मिटून सांग चंद्रा, चांदणं का सांडलं
माझ्या दारी तुझं माझं नातं कुणी मांडलं

तिच्याकडे आधी पोचला तो नेहमीचा व्हॉट्सॲपी कागद:

Dole mitun sang chandra, chandana ka sandala
Mazya dari tuza maza nata kuni mandala

व्हिडिओ कॉलवर तिने हे म्हणून दाखवलं. ‘सांग’चं ‘सँग’ झालं, म्हणजे इंग्रजी गाण्याचा भूतकाळ. ‘सांडलं’मध्ये तिला सँडल दिसली. ‘मांडलं’ मात्र तिला फार आवडलं, कारण mandala म्हणजे रंगवायच्या वहीतली ती गोल नक्षी हे तिला ठाऊक होतं. “मावशी, चंद्र, सँडल आणि मंडला, हे गाणं नेमकं कशावर आहे?” असं तिने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

मग तो कागद मी नव्याने लिहायला घेतला. पहिली गोष्ट केली ती शब्द फोडण्याची. पाश्चात्त्य स्वरलिपीत सुरांच्या खाली शब्द अक्षरागणिक तोडून, मध्ये आडवी रेघ देऊन छापतात, आणि कॉयरमुळे तिला त्याची सवय होती. do-le असं तोडलं की ‘डोल’ मोडतो. saan-da-la लिहिलं की चप्पल पायातून निघते. निम्मे घोटाळे या एका रेघेने मिटले.

उरलेले निम्मे मात्र चिवट होते. सर्वांत चिवट ‘च’. ‘चंद्रा’तला च आणि ‘चांदणं’तला च हे दोन वेगळे उच्चार आहेत. पहिला तालव्य, जीभ टाळूला लागते. दुसरा दंततालव्य, त्यात ‘त्स’ ऐकू येतो. चंद्र संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून तालव्य राहिला, चांदणं मराठीच्या तोंडात घडलं म्हणून बदललं. व्हॉट्सॲपी कागदावर दोन्हीकडे ch होता, आणि ती इमानाने दोन्हीकडे सारखाच च म्हणत होती. तिचं मराठी परकं वाटत होतं ते मुख्यतः इथे. मी पहिल्याला ch ठेवला आणि दुसऱ्याला ts लिहिला.

‘झ’चंही तसंच. माझा, माझं, तुझं यांत दंततालव्य. ‘माझ्या’, ‘माझी’ म्हटलं की पुढच्या य-ईमुळे तोच झ तालव्य होतो. एका ओळीत ‘माझ्या’ आणि ‘माझं’ दोन्ही आले आहेत. आपण सगळे सरसकट z ठोकून देतो, आणि वाचणारीही सरसकट z म्हणते. नव्या कागदावर ‘माझ्या’ maa-jyaa झालं आणि ‘माझं’ maa-dzuh. झमधला हकार तिला काही केल्या जमेना. तो मी सोडून दिला. जलद लयीत तो आपल्याकडेही बऱ्याच जणांचा निसटतो.

इथे आपल्या लिपीबद्दल जरा बोलायला हवं. “तिला सरळ देवनागरीच का शिकवत नाहीस?” असं मला बहिणीने विचारलं होतं. शिकवावी, जरूर शिकवावी. पण बोलतो तसं लिहितो हा आपला अभिमान ‘च’पाशी येऊन थांबतो. चंद्राला आणि चांदण्याला देवनागरीत एकच च आहे. फरक आपण लिपीतून वाचत नाही, लहानपणी कानात साठवलेला त्यात घालतो. तिच्या कानात तो साठाच नाही. म्हणजे या एका बाबतीत तिचा रोमन कागद आपल्या छापील गाण्यापेक्षा जास्त सांगतो.

लिहिण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धती आहेत, नाहीत असं नाही. संस्कृतच्या अभ्यासकांच्या पद्धतीत च साठी नुसता c असतो. ती तो ‘क’ वाचणार, आणि चांदण्याचं कांदणं होणार. संगणकावर रुळलेल्या आयट्रान्समध्ये ट, ड, ण, ळ यांना मोठी अक्षरं असतात: T, D, N, L. ही पद्धत आटोपशीर आहे, पण फोन ओळीचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो. तिने श्वासाच्या सोयीने ओळी तोडल्या, ‘नातं’ ओळीच्या सुरुवातीला आलं, आणि फोनने त्याचं ‘णातं’ करून टाकलं. तेव्हापासून कागद टाइप करून पाठवणं बंद. हाताने लिहायचा आणि फोटो पाठवायचा.

खरं तर कुठलीही पद्धत वाचणारीच्या तोंडावर अवलंबून असते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला रोमन अक्षरांत छापलं गेलं. हजारो मराठी ओव्या, आणि लिहिणारा जन्माने इंग्रज. पण तिथली रोमन पोर्तुगीज वळणाची. त्याच वळणाने रोमी कोंकणीत आजही श साठी x येतो. न्यू जर्सीतली मुलगी तो ‘क्स’ वाचेल. उलट हीच मुलगी जर्मनीत वाढली असती तर मला ts लिहावाच लागला नसता. जर्मन z चा उच्चार मुळातच ‘त्स’ आहे, zaan असं लिहून मोकळं झाले असते.

याच कारणाने ‘त’ आणि ‘ट’ यांची खूण मी उलटी केली. आपल्याला वाटतं, साधा t म्हणजे त, आणि ट ला खूण हवी. पण इंग्रजीत वाढलेल्या जिभेला t म्हणजे हिरडीला टेकणारा, ट च्या जवळचा. ‘मिटून’ ती खूण न देता बरोबर म्हणते. बिघडतं ते ‘तुझं’, त्याचं ‘टुझं’ होतं. म्हणून जिथे त आणि द आहेत तिथे अक्षराखाली लाल रेघ, आणि कागदाच्या वर एकच सूचना: लाल दिसलं की जीभ दातांना.

ण साठी मोठा N आणि ळ साठी मोठा L मात्र मी ठेवला. नुसती खूण देऊन ळ येत नाही, हे मान्य. पण खूण नसेल तर तिथे काही वेगळं आहे हेच तिला ऐकू येत नव्हतं, हे मी ध्वनिमुद्रण पाठवून पाहिलं होतं. ‘डोळे’ दहादा ऐकवलं तरी ती ‘डोले’ म्हणायची आणि आपण तेच म्हटलं असं तिला वाटायचं. शेवटी girl मधल्या r ला जीभ जिथे मागे वळते तिथेच ती ठेवून तिथून ल सोड, असं सांगितलं. दोन दिवस गुळण्या केल्यासारखे आवाज आले. मग एकदा ळ पडला.

यानंतरचं काम अक्षरांचं नव्हतं, चालीचं होतं. बोलताना आपण ‘चांदणं’ म्हणतो तेव्हा द पाय मोडून येतो, ‘सांडलं’मध्ये ड तसाच. पण या चालीत ‘चांदणं’च्या द ला स्वतःची मात्रा दिलेली आहे, ‘सांडलं’च्या ड ला नाही, तिथे ल वर सूर लांबवला आहे. म्हणून कागदावर tsaan-duh-Nuh पण saand-luh. नुसतं लेखन पाहून बसणाऱ्याला हे कळणार नाही, चाल कानात घेऊनच लिहावं लागतं. ‘सांग’चा ग तर आणखी नाजूक. saang लिहिलं की ती singer मधल्यासारखा अनुनासिक सूर धरून ग गिळून टाकते. मला finger मधला ग हवा होता, कारण तो तिसऱ्या मात्रेवर स्पष्ट पडतो. तिथे saan-guh केलं.

आणि शेवटचा लांबवलेला ल. सुरुवातीच्या कागदावर sandala होतं, लांब सूर आला की तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि ‘चांदणं सांडला’ व्हायचं, ‘नातं मांडला’ व्हायचं. आमच्याकडे ऐकणाऱ्या आजी लगेच दचकल्या असत्या, कारण नपुंसकलिंगाचं पुल्लिंग झालं. luh लिहिल्यावर ते सुधारलं, पण अर्धंच. अं हा स्वर लांब धरायला गायकाला आवडत नाही, त्यात आवाज खुलत नाही. त्यावर उपाय गाण्याच्या बाजूनेच निघाला: सूर तेवढाच ठेवून तिने आवाज थोडा कमी केला, आणि ‘अं’ ‘अं’च राहिला.

धृपदाचा शेवटचा कागद असा होता:

do-Le mi-toon saan-guh chun-draa, tsaan-duh-Nuh kaa saand-luh
maa-jyaa daa-ree tu-dzuh maa-dzuh, naa-tuh ku-Nee maand-luh

मराठी माणसाला हे वाचवत नाही. आमच्या मित्राला स्वतःचं गाणं ओळखता आलं नाही, आणि वर “हे माझ्या नावावर छापू नकोस” असंही तो म्हणाला. मला ते फार योग्य वाटलं. हा कागद छापायचा नसतोच. तो एका गळ्याच्या मापाने शिवलेला असतो, तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या मुलीलाही कदाचित चालणार नाही.

आता तिला अभंग हवा आहे. तिथे आपण शब्दाच्या शेवटचा अ गिळत नाही, पूर्ण म्हणतो, त्यामुळे ‘मिटून’साठी केलेले नियम धरता येणार नाहीत. शिवाय ज्ञ. शेजारच्या हिंदी मैत्रिणीने तिला gya सांगितलं आहे, कॉलेजातल्या पुस्तकात jñ आहे, मी dnya म्हणते. तीन व्यंजनं एकदम तोंडात मावत नाहीत अशी तिची तक्रार आहे. तूर्त तिला सांगितलंय, जीभ द ला लाव, पण द म्हणू नकोस, तिथूनच ‘न्य’ सोड. रोज सकाळी तिचा एक ऑडिओ येतो, नुसता ज्ञ, ज्ञ, ज्ञ.