गूळ, वाफ आणि मामंजींचा खोकला



आमच्या मामंजींनी पस्तीस वर्षं विडी ओढली. गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, त्यांनी मंदिरात आजन्म विडीत्यागाचा नियम घेतला. घरात आनंदीआनंद. पण पंधरा दिवसांत त्यांचा खोकला कमी व्हायचा सोडून वाढला. "विडी होती तेच बरं होतं," असं ते म्हणायला लागले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

मग सुरू झाले फुप्फुस "साफ" करायचे उपाय. मोबाईलवर आलेल्या काढ्यात आलं, लसूण आणि मध. आपल्याला तिन्ही वर्ज्य! म्हणून मी सुंठ, तुळस आणि भरपूर जेष्ठमध घालून काढा केला, दोन वेळा. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली, तसा ताज्या गुळाचा खडा रोज जेवणानंतर. आणि सकाळ-संध्याकाळ वाफ. एके दिवशी टॉवेलखाली पातेलं कलंडलं आणि उकळतं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. त्या भाजण्यामुळे आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि खोकल्याचा विषय तिथे निघाला.

डॉक्टरांनी आधी एक साधा प्रश्न विचारला: "गूळ खाल्ला की जातो कुठं?" पोटात. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी. गूळ पचून त्याची साखर होते. फुप्फुसातला धूर पुसायला तो तिकडे पोचतच नाही. मी म्हटलं, "पण संशोधन झालंय म्हणतात!" झालंय. 1994 साली लखनौच्या विषविज्ञान संशोधन केंद्राचा अभ्यास छापून आला होता. पण तो उंदरांवरचा. त्यांच्या श्वासनलिकेत कोळशाची धूळ घातली होती आणि त्यांना गूळ खायला दिला होता. त्यावरून विडी ओढणाऱ्या माणसाचं फुप्फुस गुळानं साफ होतं, असं म्हणता येत नाही. आपल्या कोल्हापूरचा गूळ चवीला खावा, औषध म्हणून नाही. मधुमेह असेल तर तोही मोजून.

वाफेनं नाकातला चिकटा सैल होतो, सर्दीत बरं वाटतं, इतकंच. खोलवर बसलेली काजळी तिनं निघत नाही. काढ्यानं घशाला ऊब मिळते. पण रोज भरपूर जेष्ठमध घेतला तर रक्तदाब वाढू शकतो, आणि मामंजींना रक्तदाबाची गोळी चालू! मी चांगलं म्हणून जे देत होते, त्यानं अपायच झाला असता.

मग खोकला वाढला का? श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते कफ आणि धूळ वर ढकलत राहतात. विडीच्या धुरानं ते लुळे पडतात. विडी सुटली की हळूहळू पुन्हा हलायला लागतात, म्हणून काही जणांना काही आठवडे खोकला जास्त येतो. म्हणजे घरातला केर काढणारी बाई बऱ्याच दिवसांनी कामावर आली होती, आणि आम्ही तिलाच दुखणं समजलो. मात्र खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला, कफात रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा ताप येत राहिला, तर असं समजून गप्प बसू नये. क्षयाची तपासणी आणि एक्स-रे करून घ्यावा. मामंजींचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. त्यात काही निघालं नाही.

नंतर नळीत जोरानं फुंकायची स्पायरोमेट्री केली. श्वासनलिका आकसलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जे वायुकोश फुटलेत ते परत येणार नाहीत. पण विडी बंद राहिली तर पुढची झीज मंदावेल." त्यांनी इनहेलर दिला. "त्याची सवय लागते," म्हणून मामंजी अडून बसले. सवय विडीची लागते, इनहेलरची नाही. औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी थोडं लागतं. त्यात स्टिरॉइड असल्यानं घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा चट्टा येतो. मामंजींचा रात्री पाण्याचा त्याग, म्हणून डॉक्टरांना विचारून संध्याकाळचा डोस सूर्यास्ताआधी ठेवला.

दुसरा उपाय चालण्याचा. रंकाळ्यावर आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. दम लागला की थांबायचं, नाकानं श्वास घ्यायचा आणि दिवा विझवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा.

तिसरं काम माझं होतं. अंघोळीच्या पाण्याचा बंब मी चिपाडावर पेटवत होते. तो बंद केला. देवघरातली उदबत्तीही आता खिडकीपाशी, एकच. मामंजींची विडी सुटली होती, पण धूर घरात मीच करत होते.

यंदाच्या दशलक्षणात मामंजी मंदिराच्या पायऱ्या मध्ये न बसता चढले. खोकला अजून थोडा आहे. विडी नाही. उत्तम त्यागाच्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "सूनबाई, आता गुळाची पोळी चालेल का?"

म्हटलं, चालेल की. पोळी म्हणून.