एकूण बेरजेने लपवलेले फरक

बँकेच्या नोकरीत असताना कॅश क्रेडिट खात्यांची गोदामे तपासण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे होते. दरमहा येणाऱ्या मालसाठ्याच्या पत्रकावरून उचल मर्यादा ठरवायची आणि अधूनमधून प्रत्यक्ष गोदामात जाऊन माल पाहायचा, असे ते काम. खरे सांगायचे तर आमची नजर एका आकड्यावर असे: मालाची एकूण किंमत. ती पत्रकाशी साधारण जुळली की तपासणीच्या अहवालावर सही होत असे. एकूण बेरीज जुळणे आणि माल जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला निवृत्तीनंतर, माझ्या भाच्याच्या गोदामात कळले.

भाच्याचा पाइप, फिटिंग आणि सॅनिटरी मालाचा घाऊक व्यापार आहे. संगणकावरील साठ्याच्या नोंदीत सुमारे ६४० वस्तू आहेत. मार्चअखेर दोन जोड्यांनी गोदामाची मोजणी केली आणि ३८ मोजणीपत्रके भरली. हिशेबनिसाने त्यांची किंमत काढली. पुस्तकाप्रमाणे माल ४८,६२,००० रुपयांचा होता, मोजणीप्रमाणे ४६,६८,००० रुपयांचा. तूट १,९४,००० रुपये. त्याच रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, जवळजवळ दोन लाखांचा माल गेला. अण्णांना विचारायला जीभ रेटत नाही, पण गोदामाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात."

अण्णा म्हणजे त्यांचे गोदामप्रमुख. भाच्याच्या वडिलांच्या काळापासूनचे, घरातल्यासारखे. मी त्याला एवढेच सांगितले की अण्णांना आज काही विचारू नकोस, आणि हिशेबनिसाला साठ्याच्या दुरुस्तीची नोंद करू देऊ नकोस. टॅलीमध्ये प्रत्यक्ष साठ्याचे व्हाउचर केले की पुस्तकातला साठा मोजणीच्या आकड्यावर येतो. मग फरक कशामुळे पडला हे शोधण्याचा धागाच हातातून सुटतो. आधी फरकयादी, मग कारणे आणि शेवटी नोंद, हा क्रम मोडू नये.

दुसऱ्या दिवशी मी आणि हिशेबनीस पत्रके घेऊन बसलो. पहिले काम पत्रके मोजण्याचे. त्यांवर १ ते ३८ क्रमांक छापलेले होते, म्हणूनच २३ क्रमांकाचे पत्रक संगणकात चढलेच नाही हे पाच मिनिटांत ध्यानात आले. ते दुसऱ्या पत्रकाच्या पाठीला चिकटले होते. त्यावरील ११ वस्तूंची किंमत ६२,४०० रुपये, आणि त्या पुस्तकाशी तंतोतंत जुळत होत्या. क्रमांक नसते तर ती किंमत अण्णांच्या नावावर तूट म्हणून पडली असती.

येथे एक बारकावा आहे. मोजले आणि शून्य निघाले ही एक गोष्ट, मोजलेच नाही ही दुसरी. एक्सेलमध्ये नुसती बेरीज मागितली तर दोन्हींसाठी शून्यच उमटते. म्हणून आम्ही पुस्तकाच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे असे सूत्र घातले. यात Count हे मोजणीचे पान आहे, A मध्ये वस्तूचा संकेतांक आणि D मध्ये नग.

```
=IF(COUNTIF(Count!A:A,A2)=0,"मोजणी नाही",SUMIFS(Count!D:D,Count!A:A,A2))
```

यात आणखी एक सोय होते. एकच वस्तू तीन मांडण्यांवर असेल आणि तीन पत्रकांवर लिहिली असेल, तर तिन्हींची बेरीज आपोआप होते. त्यानंतर हीच ताळेजुळणी उलट दिशेने केली, म्हणजे पत्रकावर आहे पण पुस्तकात नाही असे संकेतांक शोधले. ही उलटी फेरी बहुतेक लोक विसरतात, आणि मग जास्त निघालेला माल यादीत येतच नाही.

दुसरे काम एककाचे. अर्ध्या इंची एल्बो पुस्तकात २,४०० नग होते, पत्रकावर लिहिले होते २४. मोजणाऱ्याने शंभर नगांच्या पिशव्या मोजल्या होत्या. नऊ रुपये दराने ही एकच ओळ २१,३८४ रुपयांची तूट दाखवत होती. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पुस्तकातल्या आकड्याला मोजणीच्या आकड्याने भागावे. उत्तर नेमके १०, २४ किंवा १०० आले, तर मालाकडे जाण्याआधी पिशवीवर किती नग लिहिले आहेत ते पाहावे.

तिसरे काम वेळेचे. मोजणी ३१ मार्चच्या संध्याकाळची, तर पुस्तकही त्याच क्षणाचे हवे. मोजणी सुरू करताना शेवटच्या बिलाचा आणि शेवटच्या आवकेचा क्रमांक पत्रकावर लिहून ठेवायला हवा होता. तो लिहिला नव्हता, म्हणून मार्चअखेरची आणि एप्रिलच्या आरंभीची बिले एकेक करून तपासावी लागली. एका कंपनीचे ७१,५०० रुपयांचे खरेदी बिल ३० मार्चला चढवले होते, पण माल २ एप्रिलला उतरला. तो माल आपलाच होता, फक्त वाटेत होता. त्याला तूट म्हणता येत नाही, तो वाटेतला माल म्हणून वेगळा दाखवावा लागतो. याउलट ३१ मार्चला दुपारी चलनावर गेलेल्या मालाचे बिल १ एप्रिलला झाले होते. हीसुद्धा चूकच. मूळ खरेदी किमतीने तो माल २२,३०० रुपयांचा. गोदामातून तो गेला होता, पुस्तकातून गेला नव्हता.

या चार कारणांत १,७७,५८४ रुपये उलगडले. उरले १६,४१६ रुपये. भाचा म्हणाला, "मग एवढेच ना? सोडून देऊ." मी म्हणालो, "नाही, खरी यादी आता सुरू होते." कारण हा उरलेला आकडाही वजाबाकीतून आलेला होता. वीस मिलिमीटरचे टी ६० नग कमी आणि पंचवीस मिलिमीटरचे ६० नग जास्त होते. रुपयांत दोन्ही मिळून जेमतेम ५४० रुपयांचा फरक दिसत होता, तोही जास्तीचा. बेरीज पाहणाऱ्याला तो दिसलाच नसता. पण दोन शेजारच्या वस्तूंत तोच आकडा एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त असेल, तर मालाची अदलाबदल झाली आहे असे समजावे. माल चुकीच्या खणात तरी पडला आहे किंवा चुकीच्या नावाने बिलात तरी गेला आहे. दुसरी शक्यता असेल तर कोणा गिऱ्हाइकाला पंचवीसच्या दराने वीसचा माल गेलेला असतो. म्हणून फरकयादीत कमी आणि जास्त यांची वजाबाकी कधीही करू नये. प्रत्येक ओळ स्वतंत्र राहू द्यावी आणि क्रम लावताना चिन्ह न पाहता किंमत पाहावी.

अण्णांना द्यायची यादी आम्ही दोन टप्प्यांत केली. पहिली फेरमोजणीची. तिच्यात फक्त वस्तू, एकक आणि मांडणीचा क्रमांक. पुस्तकातला आकडा मुद्दाम दिला नाही, कारण अपेक्षित आकडा समोर असला की मोजणाऱ्याचा हात नकळत तिथेच थांबतो. क्रम मांडणीप्रमाणे लावला, म्हणजे गोदामात एकच फेरी पुरते. मोजणाऱ्या जोड्याही बदलल्या. हजार रुपयांवरचे सर्व फरक आणि पितळी माल कितीही किमतीचा असला तरी तो, एवढेच त्यात घेतले.

फेरमोजणीनंतर १९ ओळींची अंतिम फरकयादी झाली. तिच्यात पुस्तकातले नग, मोजलेले नग, फरक, किंमत आणि शेवटी कारणासाठी रिकामी जागा होती. फरकापुढे अधिक-उण्याची चिन्हे न लावता 'कमी' आणि 'जास्त' असे शब्द लिहिले. कशातून काय वजा केले आहे हे प्रत्येक जण आपल्या परीने धरतो आणि घोटाळा तिथेच होतो.

यादी घेऊन मी स्वतः अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा वॉश बेसिन कमी, ६,९०० रुपये. ते उठले आणि मला मागच्या पत्र्याच्या आडोशाला घेऊन गेले. तिथे तडा गेलेली सहा बेसिन पोत्याखाली होती. "ट्रान्सपोर्टवाल्याकडून भरपाई मागायची म्हणून वेगळी ठेवलीत. ऑफिसात सांगितलं होतं, कुणी लिहून घेतलं नाही." मोजणाऱ्यांनी धड माल तेवढा मोजला होता. टीची अदलाबदलही त्यांनी खणात हात घालून दाखवली.

मग पितळी बॉल व्हॉल्व्हची ओळ आली. पुस्तकात ९६, दोनदा मोजून ७१. पंचवीस नग कमी, ७,७५० रुपये. अण्णा बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. त्यांनी व्हॉल्व्हची वर्षभराची बिले मागवली, संध्याकाळपर्यंत ती पाहिली, आणि कारणाच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिले: 'कारण सापडले नाही.' खाली सही केली. उरलेल्या ओळी किरकोळ होत्या. टीच्या अदलाबदलीसकट त्या सगळ्यांची गोळाबेरीज १,७६६ रुपयांची होती.

हे सगळे झाल्यावरच साठ्याची नोंद केली. कारणाचा रकाना करासाठीही लागला. हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेला कर परतावा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे ठेवता येत नाही. तो व्हॉल्व्ह आणि बेसिनपुरता परत करावा लागला. एकूण तुटीचा आकडा घेऊन सीएकडे गेलो असतो, तर एककाच्या चुकीवर आणि हरवलेल्या पत्रकावरही कर भरून बसलो असतो.

फरकयादीची मर्यादाही मला या कामात समजली. दोन नोंदी जुळत नाहीत एवढेच ती सांगते. त्यातली कोणती चुकली हे सांगत नाही. खोटे बिल करून माल बाहेर गेला असेल, तर पुस्तक आणि गोदाम दोन्ही जुळतात आणि यादी कोरी राहते.

त्या पंचवीस व्हॉल्व्हचा शोध लागलेला नाही. पितळी माल आता कुलपाच्या कपाटात असतो आणि दर शनिवारी मोजला जातो. कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची, असे मी भाच्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अण्णांकडेच." मोजणी मात्र दुसरा माणूस करतो, आणि ही अट अण्णांनी स्वतःच घातली आहे.