वाचलेला आकडा आणि बांधलेला दर

निविदा उघडताना सर्वांसमक्ष वाचून दाखवलेल्या आकड्याला नंतर कोणीही हात लावू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. नगरपरिषदेच्या लेखा शाखेत तुलनात्मक तक्ते तपासताना मी ते बोलूनही दाखवत असे. लिफाफे फुटल्यावर, सह्या झाल्यावर बेरजा दुरुस्त करायच्या म्हणजे कोणाला तरी खालून वर आणायला वाट करून द्यायची, ही भीती त्यामागे होती. ती भीती निराधार नाही, हे आजही म्हणतो. पण मत बदललं आहे, आणि ते बदललं मोजमाप पुस्तिकेमुळे.

बी-2 पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक बाबीला वेगळा दर मागणाऱ्या निविदेत ठेकेदाराला एकूण रक्कम कधीच दिली जात नाही. प्रत्यक्ष झालेलं काम मोजून पुस्तिकेत चढतं आणि त्याला दराने गुणून बिल निघतं. म्हणजे आपण करार करतो तो दराशी. तळाची बेरीज फक्त कोण स्वस्त हे ठरवण्यासाठी असते. ती चुकली, तर ज्या कामासाठी ती असते तेच काम ती चुकीचं करते.

एक उदाहरण मांडतो. शाळेच्या कुंपणभिंतीचं काम, तीन देकार. पहिल्याचा वाचलेला आकडा 12,48,000, दुसऱ्याचा 12,61,500, तिसऱ्याचा 13,10,000. वरवर पाहता काम पहिल्याचं. आता ओळीओळीने गुणाकार करू. पहिल्याने वीटकामाचा दर 7,450 रुपये दिला आहे, परिमाण 80 घनमीटर. गुणाकार 5,96,000 येतो, त्याने लिहिलेत 5,69,000. नऊ आणि सहा यांची अदलाबदल झाली आहे. फरक 27,000, आणि त्याला नऊने पूर्ण भाग जातो. शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, म्हणून जुने लेखापाल आधी नऊने भागून पाहतात. दुरुस्त बेरीज झाली 12,75,000. दुसऱ्याची बेरीज बरोबर निघाली, तेव्हा सर्वांत कमी तो ठरला.

मी हे न तपासता पहिल्याला काम दिलं असतं, तर त्याने वीटकामाचं बिल 7,450 च्या दरानेच लावलं असतं, आणि ते रीतसर ठरलं असतं. परिमाणं तीच राहिली तर दुसऱ्यापेक्षा 13,500 रुपये जास्त गेले असते आणि कागदावर मात्र सगळं स्वच्छ दिसलं असतं. वाचलेल्या आकड्याचं पावित्र्य मी ज्यांच्यासाठी जपत होतो, त्या करदात्यांनाच त्याची झळ बसते, हे मला इथे पटलं.

पण बेरीज पुन्हा करायची म्हणून 'दर खरा, रक्कम खोटी' एवढंच धरून चालत नाही. तिसऱ्या देकारात गिलाव्याचा दर अंकांत 38.50 आहे, परिमाण 600 चौरस मीटर, रक्कम 2,31,000. नियम डोळे मिटून लावला तर रक्कम 23,100 होते, एकूण 2,07,900 ने घटून 11,02,100 येते आणि सर्वांत महाग ठेकेदार सर्वांत स्वस्त ठरतो! माझी जुनी भीती ती हीच. इथे अक्षरांतला दर पाहायचा. 'तीनशे पंच्याऐंशी' लिहिलं आहे, आणि 385 गुणिले 600 म्हणजे बरोबर 2,31,000. दशांशचिन्ह सरकलं आहे हे उघड आहे. रक्कम कायम राहते, दर दुरुस्त होतो, तिसरा तिसराच राहतो.

म्हणून मी आता तिघांच्याही सर्व ओळी तपासतो. फक्त पहिल्याच्या तपासल्या, तर दुरुस्ती निवडक होते आणि तेव्हा ती खरोखर संशयास्पद असते. परिमाणं ठेकेदाराच्या कागदावरून न घेता मूळ निविदेतून घेतो. एक्सेलमध्ये दिलेला तक्ता असेल तर मजकूर म्हणून साठवलेले आकडे आधी संख्येत बदलतो आणि मगच त्याची `SUM` पुन्हा बांधतो, कारण तसे आकडे ती मुकाट्याने वगळते. वाचलेली रक्कम खोडत नाही, शेजारच्या रकान्यात दुरुस्त रक्कम आणि कारण लिहितो. खाडाखोडीवर उघडतानाच समितीची सही असली पाहिजे, नाहीतर कोणता अंक आधीचा हे नंतर कळत नाही.

एकरकमी कंत्राटात मात्र पैसे एकूण आकड्यावरच मिळतात, तिथे ही दुरुस्ती लागू नाही. आणि एक जागा मला अजून अवघड वाटते. 38.50 हा दर गिलाव्याऐवजी रंगाच्या बाबीला असता, तर तो अशक्य वाटला नसता. अक्षरांतही तोच असता, तर चूक उघड म्हणायला आधार उरला नसता. तिथे दरच धरावा लागतो, आणि ठेकेदार लेखी मान्य करायला तयार नसेल तर त्याचा देकार बाद करावा लागतो.