स्वल्पविराम आणि अनाथ नातवंडांचा हिस्सा

उर्दू-मराठी शिकवत असल्यामुळे ओळखीचे लोक कधीकधी वसीयतनाम्याचा मसुदा तर्जुम्यासाठी आणून देतात. कायदा वकिलाने पाहायचा, पण त्यातल्या वाक्याकडे मी पाहतेच.

नेहमीचा प्रसंग घ्या. आजोबांचा एक मुलगा हयात आहे, दुसरा आधीच वारला. हनफी कायद्यानुसार हयात मुलगा असताना वारलेल्या मुलाच्या मुलांना वारसाहक्क मिळत नाही. मृत्यूनंतर त्यांना काही मिळावे असे वाटत असेल तर वसीयत हा मार्ग, आणि तीही कफन-दफन व कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत. म्हणून आजोबा लिहितात: ‘तृतीयांश भाग माझी भावजय सकीनाबी, आरिफ व नाझिया यांना समान द्यावा.’

समजा हा तृतीयांश सहा लाखांचा आहे. तीन माणसे धरली तर प्रत्येकी दोन लाख. पण आरिफ व नाझिया ही भावंडे, ‘व’ने जोडलेली, म्हणून तो एकच गट आहे असे सकीनाबीच्या बाजूने कुणी म्हटले, तर तिला तीन लाख आणि मुलांना दीड-दीड. मला पहिला अर्थ सरळ वाटतो, कारण ‘यांना’ शेवटी एकदाच आले आहे. पण आजोबांना विचारायची सोय तेव्हा नसते.

‘व’च्या आधी आणखी एक स्वल्पविराम द्यावा? इंग्रजीत बरेच जण देतात. मराठीत आपण मुलांना तो देऊ नका असे शिकवतो. दिला तर इथे तीन नावे सुटी होतात, हे खरे. पण ‘माझी सून, शबाना, व आरिफ यांना’ असे लिहिले की नवा घोळ. शबाना हे सुनेचेच नाव, की ती तिसरी व्यक्ती? हिस्से दोन की तीन? इथे तोच स्वल्पविराम वाद निर्माण करतो.

मराठीचे खरे हत्यार विभक्ती आहे. ‘सकीनाबी यांना एक हिस्सा, आणि आरिफ व नाझिया यांना मिळून एक हिस्सा’ असे लिहिले की गट दिसतात. तिघांना सारखेच हवे असेल तर प्रत्येक नावाला स्वतःचा प्रत्यय आणि स्वतःचा आकडा द्यावा: ‘सकीनाबीला या भागाचा एक तृतीयांश, आरिफला एक तृतीयांश, नाझियाला एक तृतीयांश.’ अरबीत यादीतल्या प्रत्येक नावाआधी ‘व’ येतो. जकातीचे आठ हक्कदार सांगणारी सूरह तौबामधली आयतही (९:६०) अशीच एकेक जोडत जाते.

नावासमोर नातेही लिहावे, पण कंसात: ‘शबाना (माझी सून)’. ‘माझ्या मरहूम मुलाची मुले, आरिफ व नाझिया’ असे लिहिले आणि तिसरे मूल असले, तर ते यादीत आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. तिथे ‘फक्त’ किंवा ‘सर्व’ यांपैकी एक शब्द आजोबांकडूनच लिहून घ्यावा.